घर आधी सोडलं आणि मालकाने लगेच दुसऱ्याला दिलं: उरलेल्या दिवसांचं भाडं परत कसं मागायचं

जुळे सोलापुरात मी भाडेकरार करून देते. एप्रिल ते जूनमध्ये माझ्याकडे दोन प्रकारची माणसं जास्त येतात. काहींची बदली सोलापुरात झालेली असते आणि त्यांना करार करायचा असतो. काही सोलापूर सोडून निघालेले असतात आणि त्यांना हिशोब नीट जुळवायचा असतो. दुसऱ्या गटात एक प्रश्न दरवर्षी येतो. महिनाभर आधी सांगितलं, पूर्ण महिन्याचं भाडं भरलं, पण सामान पंधरा दिवस आधीच हलवलं. मागे राहिलेल्या शेजाऱ्यांकडून कळतं की घरात दुसरं कुटुंब राहायला आलंय. म्हणजे त्याच दिवसांचं भाडं मालकाला दोघांकडून मिळालं. मग आपले पैसे परत मागता येतात का?

मागता येतात. मात्र किती दिवसांचे मागायचे, कधी मागायचे आणि हातात काय धरून मागायचे, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्यांदाच भाड्याने राहणारी माणसं इथेच चुकतात. चूक बहुतेक वेळा घर सोडण्याच्या दिवशीच झालेली असते आणि लक्षात येते महिन्याने.

आधी हक्क कुठून सुरू होतो ते समजून घ्या

तुम्ही नोटीस दिली आणि तिचा महिना ३१ मे रोजी संपतो, असं धरू. त्या दिवसापर्यंत घर तुमचं आहे. तुम्ही राहा, कुलूप लावून गावाला जा किंवा सामान काढून रिकामं ठेवा, भाडं द्यावंच लागेल, कारण तेवढे दिवस मालकाने घर तुमच्यासाठी अडवून ठेवलेलं आहे. १४ तारखेला टेम्पो भरून गेलात म्हणून १५ पासूनचं भाडं परत मागता येत नाही. लोक पहिल्याच फोनवर नेमकं हेच मागतात आणि मालक ताडकन म्हणतो, "तुम्हाला जायला मी सांगितलं होतं का?" त्याचं बरोबर असतं. पहिलीच मागणी चुकली की पुढची योग्य मागणीही तो ऐकून घेत नाही.

तुमचा हक्क सुरू होतो तो मालकाने घर दुसऱ्याच्या ताब्यात दिलं त्या दिवसापासून. त्या दिवसापासून घर तुमच्यासाठी अडवलेलं नाही. तुम्हाला वाटलं तरी परत येऊन राहता येणार नाही. आणि त्याच दिवसांचे पैसे तो दुसऱ्याकडूनही घेतोय. म्हणून मोजायची तारीख तुमच्या टेम्पोची नाही, नव्या माणसाच्या टेम्पोची. हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवलंत तरी निम्मं भांडण टळेल.

कायद्याकडे वळते, थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये "उरलेल्या दिवसांचं भाडं परत द्या" असं सरळ सांगणारं कलम नाही, त्यामुळे मालकापुढे तसं काही फेकून बोलू नका. आधार दुसरीकडे आहे. आपले बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात आणि लायसन्सचे नियम १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहेत. त्याच्या ६४ व्या कलमानुसार, पैसे देऊन घेतलेला वापर पूर्ण होण्याआधी आणि वापरणाऱ्याची चूक नसताना मालकाने त्याला काढलं, तर तो भरपाई मागू शकतो. दुसरा आधार १८७२ च्या करार कायद्यात आहे. करार मोडल्याचं नुकसान मोजताना ते नुकसान भरून काढण्याचा कोणता मार्ग हाताशी होता हेही बघावं लागतं, असं ७३ व्या कलमाचं स्पष्टीकरण सांगतं. मालकाला नवा भाडेकरू मिळाला म्हणजे त्या दिवसांपुरतं त्याचं नुकसान भरून निघालं. दोन्ही मुद्दे जोरदार आहेत. तरी "चूक नसताना" आणि "मालकाने काढलं" हे शब्द नीट वाचा. तुम्ही आपणहून, काही न बोलता, किल्ली हातात ठेवून निघून गेलात, तर मालक म्हणणार की मी काढलंच नाही, यांनीच घर सोडून दिलं. म्हणून किल्लीचा दिवस इतका महत्त्वाचा.

किल्ली देण्याचा दिवस

मालक बहुधा म्हणतो, "जाताना चावी ठेवून जा, कोणी बघायला आलं तर दाखवता येईल." आपणही सहज देतो. त्यात गैर काही नाही, मी स्वतःही दिली असती. फक्त ती कशासाठी दिली हे त्याच दिवशी लिहून ठेवा. दाखवण्यापुरती दिलेली किल्ली आणि घराचा ताबा सोडून दिलेली किल्ली, यात कायद्याने मोठा फरक आहे. तोंडी दिलेल्या किल्लीतून तो फरक कोणालाच दिसत नाही.

किल्ली दिल्यावर जिना उतरायच्या आत व्हॉट्सअॅपवर एवढं पाठवा:

"काका नमस्कार. आज १५ मे, सकाळी १० वाजता फ्लॅटच्या दोन्ही चाव्या तुमच्याकडे दिल्या आहेत, लोकांना घर दाखवण्यासाठी आणि रंगकामासाठी. माझं भाडं ३१ मेपर्यंत भरलेलं आहे. त्याआधी कोणी राहायला आलं तर त्या दिवसापासूनचा हिशोब आपण डिपॉझिटसोबत करू. मीटरचा फोटो सोबत जोडला आहे."

भाषा सौम्य ठेवा, यात कुठेही दटावणी नको. मालक यावर "ओके" म्हणाला किंवा नुसता अंगठा पाठवला, तरी पुढच्या बोलण्यात तुमची बाजू भक्कम होते. उत्तर आलंच नाही तरी निरोप पोचल्याची खूण राहते. मालक वयस्कर असतील आणि मोबाईल बघत नसतील, तर त्यांच्या मुलाला किंवा सुनेला पाठवा आणि फोन करून "काकांना तेवढं दाखवा" असं सांगा.

मीटरचा फोटो विसरू नका. पार्किंगमधल्या मीटरच्या पेटीसमोर उभं राहून असा फोटो घ्या की आकडा आणि मीटर नंबर दोन्ही वाचता येतील. मीटरचा पडदा आकडे बदलत राहतो, म्हणून युनिटचा आकडा येईपर्यंत थांबा. केडब्ल्यूएच लिहिलेला आकडा तुमचा. लाईट बिलाच्या वाटणीसाठी तो लागतोच, पण त्याचा आणखी एक मोठा उपयोग पुढे सांगते.

नवा माणूस कधी आला, हे कसं कळेल

आपण गेल्यावर घरात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. भांडणाचं मूळ बहुतेक इथे असतं, कारण मालक म्हणतो "ते १ तारखेला आले" आणि शेजारी म्हणतो "अहो, वीस तारखेपासून आहेत."

सोलापुरात एक गोष्ट आपल्या मदतीला येते. पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी सगळी बिल्डिंग जागी असते. कोणाची टाकी भरली, कोण नवीन दिसलं, हे सगळ्यांना माहीत असतं. शेजारच्या काकूंना "आमच्या घरी कोण आलं का?" एवढंच विचारलं तर त्या पाण्याच्या दिवसाला जोडून तारीख सांगतात, आणि अशी तारीख सहसा चुकत नाही. त्यांना साक्षीदार बनवू नका. त्यांना त्याच बिल्डिंगमध्ये राहायचंय. त्यांच्याकडून तारीख घ्या आणि ती दुसऱ्या कशाने तरी पक्की करा.

दुसरं म्हणजे महावितरणचं बिल. तुमच्याकडे जुनं बिल असेलच, त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो टाकून महावितरणच्या अॅपवर पुढचं बिल बघता येतं. बिलावर मागचं आणि चालू रीडिंग असतं. चालू रीडिंगमधून तुमच्या फोटोतला आकडा वजा करा. उरतील ते युनिट तुम्ही गेल्यानंतर घरात जळलेले. बंद घरात फ्रिजही नसतो, तिथे दोन-चार युनिटच्या वर काही जळत नाही. रंगाऱ्याने बल्ब आणि पंखा लावला तरी तीन दिवसांत फार होत नाही. पण मे महिन्यात सोलापुरात कूलरशिवाय रात्र निघत नाही, आणि घरात माणसं राहत असतील तर ते आकड्यात उघड दिसतं.

तिसरा मार्ग नव्या भाडेकरूचाच, पण तो जपून वापरा. त्यांना फोन करायचाच असेल तर एकच गोष्ट विचारा: "तुम्ही कोणत्या तारखेला राहायला आलात? लाईट बिल वाटायचंय." लाईट बिल खरोखर वाटायचं असतं, त्यामुळे यात खोटं काही नाही. त्यांचा करार मागू नका, भाडं विचारू नका, मालकाविरुद्ध बोलू नका. ते गावात नवे असतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना आपल्या भांडणात ओढणं बरोबर नाही. शिवाय घाबरून त्यांनी मालकाला सांगितलं तर मालक पुढचं बोलणंच बंद करतो.

दिवस कसे मोजायचे, रक्कम कशी काढायची

गेल्या काही वर्षांतला एक हिशोब जसाच्या तसा मांडते, माणसांची ओळख सोडून. नवरा टॉवेलच्या कारखान्यात होता, बायको खासगी शाळेत शिकवायची. विजापूर रोडच्या बाजूला टू बीएचके, भाडं ९,३०० रुपये, डिपॉझिट २५,०००. भाडं दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत आगाऊ द्यायचं आणि घर सोडायचं तर एक महिना आधी कळवायचं, असा करार होता. त्यांनी ३० एप्रिलला कळवलं आणि मेचं भाडं पूर्ण भरलं. १४ मेला सामान गेलं, १५ ला सकाळी किल्ली दिली. १६ ते १८ रंगकाम झालं. २० मेच्या संध्याकाळी नवं कुटुंब आलं.

त्यांची पहिली मागणी १५ ते ३१ मे, अशा सतरा दिवसांची होती. फोनवर जोरात बोलणं झालं आणि मालकांनी फोन कट केला. त्यानंतर ते माझ्याकडे आले.

मे महिन्याचे ३१ दिवस. ९,३०० भागिले ३१ म्हणजे दिवसाला ३०० रुपये. ज्या महिन्याचं भाडं आहे त्याच महिन्याच्या दिवसांनी भागा. ३० ने भागलं तर दिवसाला ३१० होतात आणि मालक लगेच म्हणतो, "बघा, हे जास्त काढतायत." दहा रुपयांसाठी मुद्दा हातचा घालवू नका. फेब्रुवारीचं भाडं असेल तर मात्र २८ किंवा २९ ने भागायचं, तिथे दिवसाचा दर आपोआप वाढतो आणि तो योग्यच असतो.

आता दिवस. नवं कुटुंब २० ला संध्याकाळी आलं. २० धरली तर ३१ पर्यंत बारा दिवस, सोडली तर अकरा. मी बारा धरायला सांगितलं, कारण त्या रात्री घर त्यांच्याकडे होतं. मालक एका दिवसावर अडले असते तर सोडून द्या, असंही सांगितलं होतं. बारा गुणिले ३०० म्हणजे ३,६००.

१५ ते १९ या पाच दिवसांचं काय? त्यात मालकांनी रंग काढून घेतला. भाडेकरूच्या पैशाच्या दिवसांत मालकाचं काम झालं, ही तक्रार मला पटते. नाहीतर १ जूननंतर रंगासाठी चार दिवस घर रिकामं ठेवावं लागलं असतं. पण किल्ली देताना रंगकामाला त्यांनी आपणच होकार दिला होता आणि त्या दिवसांचं भाडं मालकाला दुसऱ्या कोणाकडून मिळालेलं नव्हतं. म्हणून ते पाच दिवस मागणीतून काढायला मी सांगितलं. बोलण्यात मात्र त्याचा उल्लेख ठेवला: "रंगाचे दिवस आम्ही धरलेले नाहीत, काका." या एका वाक्याने समोरचा माणूस नरम पडतो, कारण आपण कुठे थांबायचं ते जाणतो, हे त्याला दिसतं.

लाईटचा हिशोबही त्यातच केला. शेवटच्या भरलेल्या बिलाचं रीडिंग ४,७५१ होतं आणि १५ मेच्या फोटोत ४,८१२. म्हणजे ६१ युनिट यांचे. पुढच्या बिलाचं रीडिंग २९ मेला घेतलं गेलं, एकूण ११८ युनिट, बिल १,१८० रुपये. युनिटच्या प्रमाणात यांचा वाटा ६१० रुपये. आणि उरलेले ५७ युनिट? घर रिकामं होतं असं कोणी म्हणालं, तर त्याला दाखवायला तो आकडा होता. पंधरा दिवसांत ५७ युनिट नुसत्या रंगकामाला लागत नाहीत.

मग एकूण: डिपॉझिट २५,००० वजा लाईट ६१० अधिक भाडं ३,६०० म्हणजे २७,९९०. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला ४०० होता, त्याचेही बारा दिवसांचे दीडशेच्या आसपास निघत होते. ते मागू नका, असं मी सांगितलं. छोटी रक्कम मोठ्या मागणीच्या आड येते.

मागताना काय बोलायचं

फोनवर नको. शक्य असेल तर समोर बसून, नाहीतर आधी लेखी हिशोब पाठवून मग फोन. आपल्याकडे घरमालक बहुधा त्याच बिल्डिंगमध्ये किंवा दोन गल्ल्या सोडून राहतात, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारेही पुष्कळ असतात. व्यवहाराचं बोलणं मराठी किंवा हिंदीत अडतं असं नाही, पण हिशोब कागदावर असला की भाषेवरून गैरसमज होत नाहीत. चहा होऊ द्या, डिपॉझिटचं बोलणं होऊ द्या, मग कागद पुढे करा.

मालकाकडून बहुतेक वेळा चार उत्तरं येतात. पहिलं, "आधी जायचं तुम्हीच ठरवलं." त्यावर म्हणायचं की बरोबर, म्हणूनच १९ पर्यंतचं भाडं आम्ही मागत नाही, २० पासून घर दुसऱ्यांकडे आहे, तेवढंच मागतोय.

दुसरं, "एजंटला पैसे द्यावे लागले, ते कोण देणार?" तुम्ही नोटीसचा महिना पूर्ण भरला असेल तर एजंटचा खर्च तुमचा नाही. घर कधी ना कधी पुन्हा द्यायचंच होतं. पण करारात लॉक-इन असेल, म्हणजे सहा महिने सोडता येणार नाही असं ठरलेलं असेल आणि तुम्ही चौथ्याच महिन्यात निघाला असाल, तर मालकाच्या या बोलण्यात तथ्य आहे. तिथे एजंटची रक्कम तुमच्या परताव्यातून वजा करायला तयार राहा.

तिसरं उत्तर सगळ्यात अवघड: "त्यांच्याकडून मी १ तारखेपासूनच भाडं घेतोय. हे दहा-बारा दिवस त्यांना तसेच राहू दिलेत, सामान आलं होतं म्हणून." हे खरंही असू शकतं, सोलापुरात असं चालतं. तसं असेल तर दुहेरी भाडं झालेलं नाही आणि तुमचा मुद्दा निम्मा कमजोर होतो. पूर्ण संपत मात्र नाही. तुम्ही पैसे भरलेले दिवस त्यांनी तुम्हाला न विचारता दुसऱ्याला दिले आणि त्या सवलतीमुळे नवा भाडेकरू त्यांच्या हातून सुटला नाही, हा फायदा त्यांनाच झाला. अशा वेळी मी निम्म्यावर मिटवायला सांगते. मालक दाखवत असेल तर नव्या करारावरची सुरुवातीची तारीख बघा. दाखवायला नकार दिला तर फक्त त्यावरून तो खोटं बोलतोय असं धरू नका.

चौथं, "करारात लिहिलंय, नोटीसचं भाडं परत मिळणार नाही." करार काढून ते वाक्य वाचा. बहुतेक ठिकाणी "भाडेकरूने एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचं भाडं द्यावं" एवढंच असतं. घर दुसऱ्याला दिलं तरी परत नाही, असं क्वचितच लिहिलेलं असतं. उलट प्रकारही होतो. नोटीस न देता निघालात आणि मालकाने डिपॉझिटमधून पूर्ण महिना कापला, पण आठ दिवसांनी नवा माणूस आणला. त्याला करार कायद्याचं ७४ वं कलम लागू होतं: करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. आठ दिवस घर रिकामं राहिलं तर आठ दिवसांचं आणि प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचं बोला.

तुमचा करार नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर असेल तरी घाबरू नका. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेला नसेल तर कोणत्या अटींवर घर घेतलं, याबाबत दुसरं काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालकावर हे धमकीसारखं टाकू नका. पण तोंडी अटींवरून वाद झाला तर ते ठाऊक असू द्या.

सही करण्याआधी

पुष्कळ मालक डिपॉझिट देताना एक कागद पुढे करतात: "सर्व रक्कम मिळाली, कसलीही बाकी राहिली नाही." पैशाची गरज असते, गाडी पकडायची असते, माणूस सही करतो. मग पुढे काही मागायचं म्हटलं की तोच कागद आड येतो. भाड्याचा मुद्दा मिटला नसेल तर सही करण्याआधी पेनने एक ओळ वाढवा: "डिपॉझिटची रक्कम मिळाली. २० ते ३१ मेच्या भाड्याचा हिशोब बाकी." मालक ती ओळ लिहू देत नसेल तर सही न करता बँकेत किंवा यूपीआयने रक्कम घ्या आणि लगेच निरोप पाठवा की ही डिपॉझिटपोटी मिळाली. रोख घेऊ नका. रोखीत कशापोटी किती दिलं, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

ऐकलंच नाही तर

आठ-दहा दिवस वाट बघून लेखी पत्र पाठवा. पोचपावतीसह स्पीड पोस्टने, मालकाच्या करारातल्या पत्त्यावर. वकिलाची गरज नाही. एक पान पुरे: नोटीस कधी दिली, भाडं कधी भरलं, किल्ली कशासाठी दिली, नवं कुटुंब कधी आलं, दिवस किती, रक्कम किती, आणि पंधरा दिवसांत अमुक खात्यावर द्यावी. रागाचं एकही वाक्य नको, कारण हे पत्र पुढे तिसराच कोणी वाचणार आहे.

पोलिसात जाऊन उपयोग नाही. हा दिवाणी वाद आहे, ते तसंच सांगतील, आणि मालकाशी उरलेलं बोलणंही तुटेल. दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो. पण तीन-चार हजारांसाठी, परगावाहून तारखांना येत, मी तो कोणालाही सुचवत नाही. त्यापेक्षा जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्या. दावा न लावताही वाद लोकअदालतीपुढे ठेवता येतो. ते समोरच्याला बोलावून घेतात आणि दोघांना बसवून बोलतात. फी लागत नाही. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नसतं. मात्र मालक आला नाही किंवा तयार झाला नाही, तर लोकअदालत जबरदस्तीने पैसे देववू शकत नाही. अनेक मालक नुसतं बोलावणं आलं तरी आधीच मिटवतात, आपल्या गावात न्यायालयातून कागद येणं कोणालाच आवडत नाही.

नवीन घर घेताय, करार अजून व्हायचाय? मग एवढं वाक्य त्यात घाला: "नोटीसची मुदत संपण्याआधी मालकाने जागेचा ताबा दुसऱ्यास दिल्यास, ताबा दिल्याच्या तारखेपासून मुदत संपेपर्यंतचे आगाऊ घेतलेले भाडे दिवसांच्या प्रमाणात भाडेकरूस डिपॉझिटसोबत परत द्यावे." माझ्या अनुभवात याला फारसं कोणी हरकत घेत नाही, कारण करार करताना सगळ्यांचं मन मोकळं असतं. मालकाचाही फायदा असतो, भाडेकरू लवकर किल्ली द्यायला तयार होतो.

विजापूर रोडच्या त्या जोडप्याने जून लागल्यावर हिशोबाचा कागद पाठवला आणि दोन दिवसांनी शांतपणे फोन केला. मालकांनी आधी एजंटचं काढलं, मग एका दिवसावर अडले, मग विचारलं, "रंगाचे दिवस नाही धरलेत ना?" नाही म्हटल्यावर म्हणाले, अकरा दिवसांचे देतो. त्यांनी होकार दिला. ३०० कमी झाले आणि २७,६९० रुपये यूपीआयने आले. त्यावर यांनी उत्तर पाठवलं: "काका, डिपॉझिट आणि २१ ते ३१ मेचं भाडं मिळून २७,६९० रुपये मिळाले, लाईट बिलाचे ६१० वजा करून. आता आपला हिशोब पूर्ण झाला. चाव्यांपैकी एक छोटी चावी, टेरेसची, आमच्या सामानात आली आहे, ती कुरियरने पाठवते."